सहा हजार फॉलोअर काढले, मग रीचचं काय झालं ते सांगते

माझं मालवणी जेवणाचं पेज इन्स्टाग्रामवर २०१७ पासून आहे. घावणे, शिरवाळे, खटखटे लाडू, तिरफळ घातलेला बांगडा, असं सगळं घरच्या चुलीवरचं आणि गॅसवरचं. २०२५ च्या एप्रिलमध्ये फॉलोअर होते २३,८४० आणि एखादी रेसिपी टाकली की फॉलोअरपैकी बघायचे साधारण दीड हजार लोक. बाकीचे बावीस हजार कुठे गेले हा प्रश्न मला बरीच वर्षं पडलेला, पण हात घातला नव्हता कारण आकडा कमी होईल याचीच भीती होती.

हात घालायला कारण झालं ते असं की मसाले विकणाऱ्या एका बाईंनी पैसे देऊन रेसिपी करायला विचारलं आणि सोबत ऑडियन्सचा स्क्रीनशॉट मागितला. मी Insights उघडलं तर शहरांच्या यादीत मुंबईच्या खाली दोन परदेशी शहरं, मग पुणे. सिंधुदुर्गातलं एकही गाव नाही. त्या बाईंनी काही वाईट बोललं नाही, पण पुढे फोनही आला नाही. ते मला फार लागलं, कारण जेवण खरं आहे, मेहनत खरी आहे आणि यादी मात्र खोटी दिसत होती.

यादी खोटी का आहे हे मला माहीत होतं. २०२१ च्या फेब्रुवारीत मी पेज वाढवून देणाऱ्या एका माणसाला अडीच हजार रुपये दिले होते, तो म्हणाला खऱ्या लोकांपर्यंत जाहिरात करतो, आणि चार दिवसात हजारो फॉलोअर आले. तेव्हा मी आनंदाने घरात सगळ्यांना दाखवलं होतं. नंतर लाइक वाढले नाहीत तेव्हा कळलं, पण तोपर्यंत ते सगळे खऱ्या माणसांत मिसळून गेले होते.

आता ते वेगळे कसे काढायचे. अ‍ॅपमध्ये फॉलोअर लिस्ट उघडली की नुसती नावं दिसतात, कोण कधी आलं ते दिसत नाही आणि कोण बंद पडलंय तेही दिसत नाही. Least interacted with असा एक गट असतो पण तो आपण ज्यांना फॉलो करतो त्यांचा, आपल्याला फॉलो करणाऱ्यांचा नाही, इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. मला लिस्टच्या वर Flagged for review असं दिसत होतं, ते उघडलं तर तीनशेच्या आसपासच खाती होती. बाकी शोधायची कशी, तर माझ्या भाचीने सांगितलं की मावशी स्वतःचा डेटा डाउनलोड कर, त्यात तारखा असतात.

हे खरंच उपयोगाचं निघालं म्हणून नीट सांगते. Accounts Center मध्ये जाऊन आपली माहिती डाउनलोड करायला मागायची, त्यात फक्त फॉलोअर-फॉलोइंगचा भाग निवडायचा, काळ All time ठेवायचा आणि फॉरमॅट JSON घ्यायचा, HTML घेतलं तर मोजायला अवघड जातं. काही वेळाने झिप फाइल मिळते आणि तिच्यात `followers_1.json` नावाची फाइल असते, फॉलोअर जास्त असतील तर पुढच्या नंबरच्याही असतात. प्रत्येक नावापुढे एक टाइमस्टॅम्प असतो, म्हणजे त्या खात्याने मला कुठल्या दिवशी कुठल्या क्षणी फॉलो केलं ते. भाचीने एवढंच लिहून दिलं:

```python
import glob
import json
from collections import Counter
from datetime import datetime

d = []
for f in glob.glob("followers_*.json"):
    d += json.load(open(f))
c = Counter()
for x in d:
    t = x["string_list_data"][0]["timestamp"]
    c[datetime.fromtimestamp(t).strftime("%Y-%m-%d")] += 1
for day, n in c.most_common(20):
    print(day, n)
```

यातून ज्या दिवशी सगळ्यात जास्त लोक आले ते वीस दिवस बाहेर आले. एक लक्षात ठेवायचं की या फाइलमध्ये आज जे उरलेत तेच असतात, जे मधे सोडून गेले किंवा ज्यांची खाती आधीच उडवली गेली ते दिसत नाहीत, त्यामुळे हा पेजचा इतिहास नाही, आजच्या गर्दीची जन्मतारीख आहे.

माझ्याकडे दोन उंचवटे दिसले. एक २०२० च्या एप्रिल-मे मधला आणि एक २०२१ च्या ९ ते १३ फेब्रुवारीचा. पहिल्या झटक्यात मी दोन्ही काढायला निघाले होते, बरं झालं थांबले. कारण लॉकडाऊनमध्ये घरोघरी लोक स्वयंपाक करत होते आणि माझा घावण्यांचा व्हिडिओ तेव्हा खूप फिरला होता, ती माणसं खरी होती. दोन्हींत फरक कसा ओळखायचा तर दिवसाऐवजी तासाप्रमाणे मोजायचं, म्हणजे वर `"%Y-%m-%d"` आहे तिथे `"%Y-%m-%d %H"` करायचं आणि `c.most_common(20)` च्या जागी `sorted(c.items())` घालायचं, म्हणजे सगळे तास ओळीने दिसतात. लॉकडाऊनचा उंचवटा डोंगरासारखा निघाला, दुपारी जेवणं उरकल्यावर आणि रात्री नऊच्या पुढे वाढायचा, पहाटे जवळजवळ शून्य, आणि व्हिडिओ जुना होत गेला तसा हळूहळू दोन आठवडे उतरत गेला. फेब्रुवारीचा उंचवटा म्हणजे सरळ भिंत. ९ तारखेला संध्याकाळी सहाला सुरू, १३ ला सकाळी दहाला एकदम बंद, आणि मधे दर तासाला साठ ते ऐंशी, रात्री तीनलाही तेवढेच आणि दुपारी तीनलाही तेवढेच. माणसं अशी येत नाहीत. हे बघितल्यावर माझ्या मनातली शंका गेली. त्या भिंतीत आजच्या तारखेला ६,११२ खाती शिल्लक होती.

तरी सगळी डोळे झाकून काढायची नव्हती, कारण त्या चार दिवसांतही दोन-चार खरे लोक आले असणारच. म्हणून त्यातली शंभर नावं कुठूनही उचलली आणि एकेक उघडून बघितलं. ९१ स्पष्ट खोटी होती, म्हणजे सात-सात हजार लोकांना फॉलो केलेलं (वरची मर्यादाच ७,५०० आहे, तिला जाऊन टेकलेली), स्वतःचे फॉलोअर वीस-पंचवीस, पोस्ट एक-दोन आणि त्याही एकाच दिवशी टाकलेल्या, त्यानंतर काही नाही. सहा शंकास्पद. तीन खरी, त्यातली एक तर माझ्या मावसबहिणीची मुलगी.

काढायचं काम हातानेच केलं. पासवर्ड मागणारी आणि एका बटणात सगळं साफ करतो म्हणणारी अ‍ॅप्स आहेत, पण एकदा अनोळखी माणसाच्या हातात पेज देऊन बघितलं होतं, परत नाही. फॉलोअर लिस्टमध्ये वर सर्च असतो, तिथे फाइलमधलं नाव टाकायचं, फोटो आणि ओळखीचं कोणी कॉमन आहे का बघायचं, शंका आली तर प्रोफाइल उघडायचं, नाहीतर Remove. समोरच्याला नोटिफिकेशन जात नाही. ब्लॉक करायची गरज मला वाटली नाही, Remove केलेलं खातं परत फॉलो करू शकतं पण ही खाती परत येतात का तेही मला बघायचंच होतं. एका नावाला आठ-दहा सेकंद लागतात.

तिसऱ्या दिवशी मी हट्टाने बसले आणि एका बैठकीत चारशेच्या वर काढले, तर Try Again Later असा निरोप आला आणि मग दीड दिवस मला कमेंटला उत्तरही देता येईना. ऐन आंब्याच्या सीझनला लोक साठवणीच्या रसाबद्दल विचारत होते आणि मी गप्प. ती माझीच घाई होती. त्यानंतर दिवसाला १२०-१३० असं धरलं, तेही सकाळ-दुपार-रात्र तीन भागांत, तेव्हा परत तसं झालं नाही. २० एप्रिलला सुरू केलेलं १२ जूनला संपलं. भिंतीतली ५,६९० काढली, ४२२ ठेवली.

मधे एक चूक झाली ती लिहिलीच पाहिजे कारण बरेच जण हीच करतात. मे महिन्यात मला वाटलं की बॉट काढतोच आहोत तर जे नुसते बसून आहेत, काहीच करत नाहीत, तेही काढू. नियम लावला की फोटो नाही, पोस्ट शून्य, नावात आकडे, असं दिसलं की काढायचं, तारीख न बघता. दोन दिवसात २४० काढले. आठवड्याभराने कुडाळच्या एका काकूंचा मेसेज आला, बहुतेक मुलाच्या जुन्या फोनवरून, "बाय, तुजे व्हिडिओ हल्ली दिसनत नाय, माका काडून टाकलंस काय?" मी त्यांना ओळखतही नव्हते. त्यांनी आजवर एकही लाइक केला नव्हता, एकही कमेंट नाही, पण प्रत्येक व्हिडिओ बघायच्या, वहीत लिहून घ्यायच्या. मला रडूच आलं. त्यांना परत फॉलो करायला सांगितलं, पेज सार्वजनिक आहे म्हणून लगेच झालं.

मग काढलेल्या २४० ची यादी माझ्याकडे होती (काढलेलं प्रत्येक नाव एका शीटमध्ये लिहून ठेवा, फार कामाला येतं), त्यातली ६० परत उघडून बघितली. जी खाती खुली होती त्यात ते कोणाला फॉलो करतात ते बघितलं, तर गावच्या देवळाचं पेज, तालुक्याचं बातम्यांचं पेज, आडनाव सारखं असलेले चार-पाच नातेवाईक, दशावतारी नाटकांची पेजं. ३१ तर नक्कीच माणसं होती. म्हणजे माझा नियम निम्म्याहून जास्त वेळा चुकला. आपल्याकडे कितीतरी लोक, विशेषतः वयाने मोठे, असेच असतात, फोटो लावत नाहीत, नाव मुलाने काहीतरी आकडे घालून टाकलेलं असतं, आणि लाइकचं बटण दाबायची सवय नसते. पाहतात मात्र सगळं. हे बंद पडलेले आहेत की गप्प बसून बघणारे हे बाहेरून ओळखायची सोय नाही. स्टोरी कोणी पाहिली ती यादी ४८ तास दिसते, तेवढाच एक पुरावा, आणि मी नंतर तीन आठवडे ती यादी उतरवून घेतली तर त्यात असली बिनफोटोची, आकड्यांची नावं कितीतरी होती. त्या दिवसापासून हा प्रकार बंद केला आणि फक्त भिंतीतल्यांवरच काम ठेवलं. तारीख हा पुरावा आहे, चेहरा नाही.

आता मुख्य गोष्ट, रीच. १२ जूनला फॉलोअर राहिले होते साधारण १७,९००. म्हणजे चौथ्या हिश्शाला थोडे कमी एवढे गेले.

मी आधी आणि नंतर सारखंच माप ठेवलं. प्रत्येक पोस्टच्या Insights मध्ये किती खात्यांपर्यंत गेली तो आकडा आणि फॉलोअर किती टक्के, बाहेरचे किती टक्के ते मिळतं, त्यावरून फॉलोअरांपैकी किती जणांनी पाहिलं याचा अंदाज काढायचा. ती टक्केवारी व्ह्यूजवरची आहे, माणसांवरची नाही, त्यामुळे आकडा अगदी काटेकोर नाही, पण दोन्ही वेळेला तेच माप लावलं की तुलना करता येते. पोस्ट सात दिवसांची झाल्यावरच आकडा लिहायचा, म्हणजे नवी-जुनी असा फरक पडत नाही. आणि सरासरी घ्यायची नाही, सगळे आकडे ओळीने लावून मधला घ्यायचा. कारण माझी सुक्या बांगड्याची एक रील अचानक साठ हजार लोकांपर्यंत गेली, सरासरीत ती एकटी सगळं चित्र बदलून टाकते.

साफ करायच्या आधी, १ मार्च ते १५ एप्रिल, १४ पोस्ट, फॉलोअरांमधला मधला आकडा १,४५०. साफ केल्यानंतर, १३ जून ते २४ जुलै, १३ पोस्ट, मधला आकडा १,४३०.

काहीच फरक नाही. इथे फसायची जागा अशी की टक्के काढले तर आधी ६.१ येतात आणि नंतर ८, आणि कोणी म्हणेल बघा रीच वाढला. वाढलं काही नाही, भागायचा आकडा लहान झाला. ताटात भाकऱ्या तेवढ्याच, पंगतीतली रिकामी पानं उचलली एवढंच. एंगेजमेंट रेट म्हणून जे दाखवतात त्याचंही तेच, तो फॉलोअरने भागलेला असेल तर साफसफाईनंतर आपोआप चढतोच, त्यासाठी एकाही माणसाने जास्त बघायला लागत नाही.

मग २५ जुलैला श्रावण लागला आणि एकदम उसळी आली. एकूण रीच आधीच्या दुपटीच्या वर गेला. मी मनात धरूनच बसले की साफसफाईचं फळ उशिरा का होईना मिळालं, मैत्रिणीला फोन करून सांगितलंसुद्धा. तिचं रत्नागिरीकडचं जेवणाचंच पेज आहे, तिने आयुष्यात एकही फॉलोअर काढलेला नाही. ती म्हणाली, अगं माझाही वाढलाय, श्रावण आहे ना, दरवर्षी वाढतो. तेव्हा मी भानावर आले.

मग गेल्या वर्षीशी तुलना करायची ठरवली, आणि इथे आपल्या लोकांनी एक ध्यानात ठेवावं, तारखेला तारीख लावून चालत नाही. २०२४ मध्ये श्रावण ५ ऑगस्टला लागला होता आणि गणपती ७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये श्रावण २५ जुलैला आणि गणपती २७ ऑगस्टला. अकरा दिवसांचा फरक. ऑगस्टला ऑगस्ट लावला असता तर यावर्षीचा मोदकांचा आठवडा गेल्या वर्षीच्या साध्या आठवड्यासमोर आला असता आणि मी वाढ झाली म्हणून ढोल बडवला असता. म्हणून तिथीला तिथी लावली. नागपंचमीच्या पातोळ्या समोर नागपंचमीच्या पातोळ्या, म्हणजे २९ जुलै २०२५ ची पोस्ट आणि ९ ऑगस्ट २०२४ ची. नारळी पौर्णिमेचा नारळीभात समोर नारळीभात, हरतालिकेच्या आधीची खरेदी-तयारीची रील, उकडीचे मोदक, गौरीच्या नैवेद्याची भाजी, अशा अकरा जोड्या जमल्या. जुन्या पोस्टचे आकडे एकेक उघडून मिळतात, पूर्ण पेजचं मागचं चित्र मात्र तेवढं मागचं मिळत नाही, म्हणून पोस्टनिहायच काम करावं लागतं.

पातोळ्यांना फॉलोअरांमधून गेल्या वर्षी साधारण १,९८० आणि यावर्षी २,०४०. अकरा जोड्यांपैकी सहांत यावर्षी जास्त, पाचांत गेल्या वर्षी जास्त. नाणं उडवलं तरी एवढंच आलं असतं. बाहेरच्या लोकांचा रीच दोन्ही वर्षी वरखाली नाचतो, एखादी रील चालली की चालली, त्याचा फॉलोअर काढण्याशी मला काही संबंध दिसला नाही.

असं का होतं यावर मी बराच विचार केला. लोक सांगतात की पोस्ट आधी थोड्या फॉलोअरांना दाखवतात, त्यात बॉट आले तर ते लाइक करत नाहीत आणि पोस्ट मरते. पण फीड तयार होतं ते माणूस अ‍ॅप उघडतो तेव्हा, त्याच्यासाठी. जे खातं चार वर्षं कोणी उघडलंच नाही त्याच्यापुढे माझी पोस्ट येतच नाही, मग ते माझी जागा खाणार कसं. ना ते आधी रीचमध्ये मोजलं जात होतं, ना आता. माझी खाती मेलेलीच होती याचे दोन पुरावे मिळाले. एक, काढलेल्या ५,६९० पैकी एकही परत आलं नाही. दुसरं, फॉलोअर कुठल्या वेळी जागे असतात तो Insights मधला आलेख आधी आणि नंतर अगदी तसाच राहिला, दुपारी दोनला एक चढ आणि रात्री नऊला दुसरा. परदेशातले हजारो जण खरंच अ‍ॅप उघडत असते तर ते गेल्यावर तो आलेख हलला असता. ज्यांच्याकडे जागते बॉट आहेत, रोज कमेंटमध्ये येऊन घाण करणारे, त्यांचं वेगळं असू शकतं, माझं तसं नव्हतं.

बदललं ते ऑडियन्सचं पान. जुलैमध्ये शहरांची यादी मुंबई, पुणे, ठाणे, मडगाव, कोल्हापूर अशी झाली, देशांच्या यादीत भारताखाली आखाती देश आले, आणि ते खरं आहे, तिकडची आपली माणसं मला रोज मेसेज करतात की तिरफळं कुठे मिळतील. आता मी कोणाला स्क्रीनशॉट पाठवते तेव्हा मला खाली बघायला लागत नाही. सप्टेंबरमध्ये दुसऱ्या एका मसालेवाल्यांशी बोलणं झालं, त्यांना फॉलोअरचा आकडा नकोच होता, त्यांनी स्टोरी किती जण बघतात तेवढं विचारलं, तो आकडा साफसफाईच्या आधी जेवढा होता तेवढाच आजही आहे, नऊशेच्या आसपास. काम मिळालं.

ती ४२२ खाती अजून तशीच आहेत. काकूंनंतर मला त्यांना हात लावावासा वाटत नाही. दर तीन महिन्यांनी फाइल मागवून तासाप्रमाणे मोजते, कुठे नवी भिंत उभी राहतेय का बघते, अजून तरी नाही. आणि पोस्टांची वही चालू ठेवली आहे, तारखेच्या शेजारी तिथीचा रकाना घालून, कारण २०२६ ची चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, म्हणजे आता उलट्या बाजूने अठरा दिवस सरकून जोड्या लावाव्या लागणार.